पानाची पाठ भिजली पाहिजे

जास्वंदीच्या कुंडीजवळची फरशी पायाला चिकट लागते, खालच्या पानांवर तेलकट चकाकी येते आणि काळ्या मुंग्यांची रांग खोडावरून शेंड्याकडे चढताना दिसते. ही तिन्ही चिन्हे एकत्र दिसली की कीड आज आली नाही, येऊन बरेच दिवस झाले आहेत असे समजावे. आता शेंड्याची कोवळी पाने उलटून बघा. पांढरा कापूस चिकटल्यासारखे दिसले तर तो पिठ्या ढेकूण. हिरवे किंवा काळपट बारीक ठिपके दाटीने बसलेले असतील तर मावा. आणि फांदी हलवताच पांढऱ्या कणांचा ढग उडून पुन्हा पानांखाली जाऊन बसला, तर ती पांढरी माशी.

बाल्कनीतल्या झाडांवर या तीन किडींसाठी बहुतेक जण साबणाचे पाणी किंवा कडुनिंबाचे तेल मारतात. दोन्ही उपाय चांगले आहेत, कृषी विद्यापीठेही ते सुचवतात. तरीही अनेकांचा अनुभव असा की फवारले, दोन दिवस बरे वाटले आणि आठवड्याने कीड होती तेवढीच झाली. दोष बहुतेक वेळा औषधाचा नसतो. साबण नेमका कधी मारतो आणि कडुनिंब नेमके कोणाला मारते, हे ठाऊक नसल्यामुळे फवारा चुकीच्या जागी आणि चुकीच्या दिवशी पडतो. या दोन गोष्टी एकदा कळल्या, की वेळापत्रक आपोआप ठरते.

तिघांचे जेवण एकच

मावा, पिठ्या ढेकूण आणि पांढरी माशी दिसायला वेगवेगळ्या असल्या तरी तिघींचे तोंड सुईसारख्या सोंडेचे असते. ती सोंड पानाच्या शिरेत खुपसून त्या झाडाचा अन्नरस पितात. या रसात साखर भरपूर आणि नत्र अगदी थोडे असते. वाढीला लागणारे नत्र मिळवायचे तर खूप रस प्यावा लागतो, आणि नको असलेली साखर पातळ चिकट थेंबांच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. शेतकरी ज्याला चिकटा म्हणतात तो हाच. तो खालच्या पानांवर आणि फरशीवर पडतो, त्यावर काळी बुरशी वाढते, आणि पाने काजळी धरल्यासारखी दिसू लागतात. ही बुरशी पानाच्या आत शिरत नाही. चिकटा बंद झाला आणि पाने ओल्या फडक्याने पुसली, की ती जाते. म्हणून काजळीसाठी वेगळे बुरशीनाशक आणायची गरज नसते.

मुंग्या येतात त्या या साखरेसाठी. त्या बदल्यात त्या किडीचे रक्षण करतात. मावा खाणाऱ्या ढालकिड्यांना पळवून लावतात, आणि पिठ्या ढेकणाची पिले एका फांदीवरून दुसरीकडे नेल्याचेही दिसते. मुंग्यांची रांग चालू ठेवून कितीही फवारले, तरी अर्धे काम वाया जाते.

नत्राचा मुद्दा आणखी एका कारणाने लक्षात ठेवावा. युरिया किंवा नत्राचे प्रमाण जास्त असलेले खत दिले की कोवळी, लुसलुशीत पाने भराभर फुटतात आणि त्यांच्या रसात नत्र वाढते. मावा अशा शेंड्यांवर झपाट्याने वाढतो. कीड असेपर्यंत नत्राचे खत थांबवणे हा बिनखर्चाचा आणि खरोखर उपयोगी पडणारा उपाय आहे.

पुढचा फरक वाढीच्या पद्धतीत आहे, आणि फवारणीचे वेळापत्रक त्यावरच ठरते. माव्याची मादी आपल्या हवेत नराशिवायच, अंडी न घालता थेट पिलांना जन्म देते, आणि अनुकूल हवेत ते पिलू साधारण आठवडाभरात स्वतः पिले देऊ लागते. म्हणून ढगाळ, थंडसर हवेत मावा एकाएकी आल्यासारखा वाटतो. पिठ्या ढेकणाच्या बहुतेक जातींची मादी मेणचट कापसाच्या पिशवीत काहीशे अंडी घालते. त्यातून निघालेली पिले रांगत नव्या जागी जातात, आणि तिथे बसून रस पिऊ लागल्यावर त्यांच्या अंगावर मेणाची पूड साठत जाते. पांढरी माशी पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते. पिले पानाला खवल्यासारखी चिकटून बसतात, शेवटी कोषासारखी अवस्था येते आणि उबदार हवेत सुमारे तीन आठवड्यांत नवी माशी बाहेर पडते.

यातली अंडी आणि कोष साबणाला फारशी दाद देत नाहीत. म्हणजे आज सगळ्या जिवंत किडी मेल्या, तरी आठवड्याने नवी पिले निघणारच. एका फवारणीत काम होत नाही याचे कारण इतके साधे आहे.

साबण ओला असेपर्यंतच

साबणाचे पाणी किडीच्या अंगावर पडले की तिच्या त्वचेवरचा मेणाचा थर विस्कटतो, पेशींची पापुद्री आवरणे फाटतात आणि श्वास घेण्याची छिद्रे बुजतात. मऊ अंगाच्या किडी त्यात काही मिनिटांत ते काही तासांत मरतात. पण हे घडायला द्रावण अंगाला लागावे लागते, आणि काही मिनिटे तरी ओले राहावे लागते. ते वाळले की साबणाची मारक शक्ती संपली. नंतर त्या पानावर येऊन बसलेल्या किडीला काहीच होत नाही.

या एका गुणातून तीन नियम निघतात. पहिला, फवारा पानाच्या पाठीवर आणि फांदीच्या बेचक्यात पडला पाहिजे, कारण कीड तिथेच असते. फवाऱ्याचे तोंड खालून वर धरावे आणि पाण्याचे थेंब पानाच्या कडेवरून गळू लागेपर्यंत भिजवावे. तीन फूट उंचीच्या भरगच्च जास्वंदीला त्यासाठी पाव ते अर्धा लिटर द्रावण लागते. वरून चार फवारे मारले तर किडीला काही कळतही नाही. दुसरा, दुपारच्या उन्हात फवारू नये. द्रावण लगेच वाळते, आणि गरम पानावर साबण साठून कडा करपतात. पारा ३२ अंशांच्या वर असेल तर संध्याकाळची वाट पाहावी. तिसरा, दुसऱ्या दिवशी सकाळी झाड साध्या पाण्याने धुवावे. त्याने साबणाचा थर निघतो आणि मेलेल्या किडीही वाहून जातात.

साबण वाळल्यावर निरुपद्रवी होतो, हा त्याचा मोठा गुणही आहे. फवारणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी येणारे ढालकिडे आणि किडींवर जगणाऱ्या इवल्या गांधीलमाश्या वाचतात.

कोणता साबण, कोणते पाणी

इथे सर्वांत जास्त घोटाळा होतो. भांडी घासायचा द्रव आणि कपड्यांची पावडर हे साबण नव्हेत, ती डिटर्जंटे आहेत. तेलकट भांडी स्वच्छ करण्यासाठी बनवलेले हे पदार्थ पानावरचे मेणही ओरबाडून काढतात. कीड मरते, पण दोन दिवसांत पानांवर कागदी, तपकिरी डाग पडतात. वास आणि रंग घातलेले द्रव तर आणखी त्रासदायक.

बागकामाच्या दुकानात कीटकनाशक साबण म्हणून जो द्रव मिळतो, तो तेलातल्या आम्लांचा पोटॅशियम क्षार असतो. तो सर्वांत सोयीचा. त्याचे प्रमाण डबीवर दिलेले असते, ते पाळावे. तो मिळाला नाही, तर अंघोळीचा साधा, शक्यतो बिनवासाचा साबण चालतो, मात्र वेष्टनावर टीएफएम हा आकडा बघावा. साबणात तेलाचा अंश किती आहे हे त्यावरून कळते. पहिल्या प्रतीच्या साबणात तो ७६ टक्के किंवा त्याहून जास्त असतो. वेष्टनावर फक्त ‘बेदिंग बार’ असे लिहिले असेल तर ती वडी टाळावी, कारण तिच्यात डिटर्जंट असू शकते.

घरचे द्रावण करायचे असेल तर ५ ग्रॅम साबण, म्हणजे किसलेला साधारण दीड चहाचा चमचा, एक कप गरम पाण्यात पूर्ण विरघळवावा. मग साधे पाणी घालून एकूण एक लिटर करावे आणि तलम फडक्यातून गाळून फवाऱ्याच्या बाटलीत भरावे. गाळले नाही तर साबणाचे कण नळीत अडकतात. वडीच्या साबणाचे द्रावण रात्रभरात दाट होते, म्हणून लागेल तेवढेच करावे आणि त्याच दिवशी वापरावे.

साबण चांगला असूनही परिणाम होत नसेल तर पाणी तपासावे. महाराष्ट्रातल्या पुष्कळ सोसायट्यांत नळाला बोअरवेलचे पाणी येते, आणि ते अनेकदा जड असते. त्यातला चुना आणि मॅग्नेशियम साबणाशी जुळून पांढरा चोथा तयार करतात, आणि किडीला मारायला साबण उरतच नाही. परीक्षा सोपी आहे. बाटलीत थोडे पाणी घेऊन त्यात साबणाचा कीस विरघळवावा आणि जोरात हलवावे. वर फेस टिकला आणि खाली पाणी एकसारखे दुधट राहिले तर पाणी योग्य. फेस चटकन बसून दह्याच्या कण्यांसारखे तुकडे तरंगू लागले तर पाणी जड आहे. अशा वेळी पावसाचे साठवलेले किंवा घरातल्या आरओ यंत्राचे शुद्ध पाणी वापरावे.

नव्या झाडावर पहिल्यांदा फवारताना दोन-तीन पानांवरच मारून दोन दिवस थांबावे. नेच्यासारखी नाजूक झाडे, पानांवर पांढुरकी मेणाची झाक असलेली रसाळ झाडे आणि पाण्याअभावी मलूल झालेले कोणतेही झाड साबण सोसत नाही. फवारणीच्या दिवशी सकाळी कुंडीला भरपूर पाणी घालून ठेवणे म्हणूनच महत्त्वाचे.

कडुनिंबाचे काम वेगळे

कडुनिंबाच्या निंबोळीत ॲझाडिरॅक्टिन हे द्रव्य असते. १९६२ साली उत्तर भारतात टोळधाड आली, तेव्हा दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत डॉ. एस. प्रधान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निंबोळीच्या गराचे पाणी उभ्या पिकावर फवारले होते. टोळ पिकावर बसले, पण त्यांनी ते खाल्ले नाही. कडुनिंबाचा एक परिणाम हा, किडीची भूक मारण्याचा.

आपल्या तीन किडींसाठी दुसरा परिणाम जास्त महत्त्वाचा. पिलू वाढताना वेळोवेळी कात टाकते, आणि ती टाकण्याचा इशारा देणाऱ्या संप्रेरकाच्या कामात ॲझाडिरॅक्टिन बिघाड करते. पिलाला कात टाकता येत नाही आणि ते तिथेच मरते. पूर्ण वाढलेल्या किडीला आता कात टाकायची नसते, त्यामुळे ती लगेच मरत नाही, मात्र तिची पिले आणि अंडी कमी होतात. म्हणून कडुनिंब फवारल्यावर दुसऱ्या दिवशी किडी तशाच दिसल्या तर निराश होऊ नये. परिणाम चार ते सात दिवसांनी कळतो.

साबण आज दिसणाऱ्या किडी मारतो, आणि पुढच्या आठवड्यात वाढणारी पिढी कडुनिंब अडवते. दोघांना आलटून पालटून वापरण्यामागचे कारण हे आहे.

दुकानात दोन वेगळ्या वस्तू मिळतात आणि त्यांची गल्लत होते. एक म्हणजे उग्र वासाचे, तपकिरी, घाण्याचे किंवा कोल्ड प्रेस्ड कडुनिंब तेल. ते थंड पद्धतीने काढलेलेच घ्यावे, कारण उष्णतेने ॲझाडिरॅक्टिन नष्ट होते. याचे प्रमाण एक लिटर पाण्याला ५ मिलि. दुसरी म्हणजे ॲझाडिरॅक्टिनची तयार औषधे. त्यांच्या बाटलीवर ३००, १५०० किंवा १०,००० पीपीएम असा आकडा असतो. त्यांची मात्रा आकड्याप्रमाणे बदलते. १५०० पीपीएमचे लिटरला साधारण ५ मिलि लागते, तर १०,००० पीपीएमचे १ ते २ मिलिच पुरते. बाटलीवरची सूचना वाचून मापाने घ्यावे. ही औषधे पाण्यात आपोआप मिसळतात. कच्चे तेल तसे मिसळत नाही.

कच्चे तेल मिसळताना क्रम चुकला तर झाड करपते. तेल सरळ पाण्यात ओतले तर ते वर तरंगते, पहिले फवारे नुसत्या पाण्याचे आणि शेवटचे शुद्ध तेलाचे होतात, आणि शेवटी फवारलेली पाने जळतात. म्हणून वाटीत आधी ५ मिलि तेल आणि १ ते २ मिलि द्रवरूप साबण एकत्र घोटावा. त्यात कोमट पाणी चमचा-चमचा घालत ढवळत राहावे. ताकासारखे एकजीव पांढरट मिश्रण झाले की ते उरलेल्या पाण्यात ओतावे. वर तेलाचे गोल थेंब दिसत असतील तर साबण कमी पडला, अजून थोडा घालावा. हिवाळ्यात तेल थिजते. अशा वेळी बाटली कोमट पाण्यात ठेवावी, गॅसवर तापवू नये. तयार मिश्रण काही तासांत वापरून संपवावे आणि फवारताना बाटली मधून मधून हलवावी.

गावाकडून वाळलेल्या निंबोळ्या मिळत असतील तर पाच टक्के निंबोळी अर्क सर्वांत स्वस्त पडतो. ५० ग्रॅम निंबोळ्या भरड कुटून अर्ध्या लिटर पाण्यात रात्रभर भिजवाव्या, सकाळी चुरगळून दुहेरी फडक्यातून गाळाव्या, त्यात २ ग्रॅम साबण विरघळवून एकूण एक लिटर करावे. बुरशी आलेल्या किंवा जुनाट निंबोळ्यांत जोर नसतो. ॲझाडिरॅक्टिन उन्हात लवकर विघटित होते, त्यामुळे फवारणी संध्याकाळचीच. त्या वेळी फुलांवर मधमाश्याही नसतात.

एका जास्वंदीचा पंधरवडा

आता हे सगळे एका झाडावर लावून पाहू. मार्च महिना, पश्चिमेकडची बाल्कनी, चौदा इंची कुंडीत जास्वंद. शेंडे आखडून गुच्छासारखे झाले आहेत, कळ्या गळताहेत, बेचक्यांत पांढरा कापूस आहे आणि मुंग्या चढताहेत. पिठ्या ढेकूण तिन्हींत सर्वांत चिवट, कारण त्याच्या अंगावरचे मेण पाण्याला आत येऊ देत नाही.

पहिल्या दिवशी, म्हणजे समजा रविवारी, फवारणीआधीचेच काम जास्त आहे. कुंडी इतर झाडांपासून दूर सरकवावी. आखडलेले शेंडे कात्रीने कापून थेट साबणाच्या पाण्याच्या बादलीत टाकावेत, कचऱ्याच्या उघड्या डब्यात नाही, नाहीतर पिले रांगत बाहेर येतात. मग पाण्याची जोरदार धार बेचक्यांवर मारून मेण आणि कीड सैल करावी. उरलेल्या मोठ्या माद्यांना औषधाच्या दुकानातल्या सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने टिपावे. मुंग्यांसाठी खोडाभोवती कागदी चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर पेट्रोलियम जेलीचा जाड थर द्यावा आणि झाडाची कोणतीही फांदी भिंतीला किंवा कठड्याला टेकत नाही ना, हे बघावे. एक फांदी टेकली तरी मुंग्यांना पूल मिळतो. संध्याकाळी साबणाचे द्रावण गळेपर्यंत फवारावे, सोमवारी सकाळी झाड धुवावे.

बुधवारी संध्याकाळी कडुनिंब. पुढच्या रविवारी पुन्हा साबण आणि सोमवारी धुणे. त्याच्या पुढच्या बुधवारी कडुनिंब आणि तिसऱ्या रविवारी शेवटचा साबण. या पंधरवड्यात पिशव्यांतून निघणाऱ्या पिलांच्या तुकड्या मेणाचे कवच जाड होण्याआधीच एकामागून एक सापडत जातात.

यश आले की नाही, हे पांढरेपणावरून ठरवू नये. कीड मेल्यावरही मेण पानाला चिकटून राहते. काडीने एक-दोन पांढरे ठिपके दाबून बघावेत. आतून पिवळसर किंवा गुलाबी रस निघाला तर कीड जिवंत आहे, नुसती कोरडी पूड सांडली तर मेलेली. याहून चांगली खूण म्हणजे नवा शेंडा. तो सरळ आणि उघडा फुटला, नवी पाने चकाकत नाहीत आणि मुंग्यांनी खोड सोडले, म्हणजे काम झाले. तीन आठवड्यांनीही नवे शेंडे आखडतच असतील, तर कुंडीतली माती थोडी उकरून बघावी. काही जातींचे ढेकूण मुळांवर आणि कुंडीच्या तळाच्या छिद्रापाशी लपतात, तिथे वरचा फवारा पोचत नाही. तेव्हा झाड बाहेर काढून मुळे धुणे आणि नव्या मातीत लावणे, हाच मार्ग.

पिठ्या ढेकणासारखे दिसणारे सगळेच शत्रू नसतात, हे फवारणीआधी पाहायलाच हवे. क्रिप्टोलीमस नावाचा ढालकिडा १८९८ साली ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याची अळी स्वतःच पांढऱ्या मेणाच्या झालरी पांघरून असते आणि ढेकणांच्या घोळक्यात फिरून त्यांनाच खाते. ढेकूण जागचा फारसा हलत नाही. ही अळी मात्र आकाराने मोठी, झालरी लांब आणि चाल चपळ. ती दिसली तर त्या फांदीवर काही फवारू नये.

पपईवरच्या पिठ्या ढेकणाची गोष्टही हेच सांगते. मध्य अमेरिकेकडून आलेली ही कीड २००८ साली कोइमतूर परिसरात आढळली आणि दोन वर्षांत महाराष्ट्रातही पोचली. जास्वंदही तिची आवडती. २०१० साली बंगळूर येथील कृषी कीटकांच्या राष्ट्रीय संस्थेने पोर्टो रिकोतून तिच्यावर जगणाऱ्या बारीक गांधीलमाश्या आणून सोडल्या, आणि रासायनिक औषधांना न जुमानणारी कीड त्यांनी आटोक्यात आणली. अशा मित्रकीटकांना जगू देणारा फवारा म्हणूनही साबण निवडावा.

मिरचीवरची पांढरी माशी

पांढऱ्या माशीला फवारणीची चाहूल लागताच ती उडते, म्हणून वेळ बदलावी लागते. पहाटेच्या गारव्यात ती सुस्त असते. तेव्हा पानांच्या खालच्या बाजूला साबण मारावा आणि तासा-दोन तासांत, ऊन चढण्याआधी झाड धुऊन घ्यावे. दर पाच दिवसांनी चार वेळा फवारले, तर अंड्यांतून आणि कोषांतून निघणाऱ्या पिढ्या एका फेऱ्यात सापडतात. मधल्या एक-दोन संध्याकाळी कडुनिंब मारावे. शेंड्याच्या उंचीवर पिवळा चिकट सापळा टांगला की उडणाऱ्या माश्या त्यावर अडकतात. सापळ्याने कीड संपत नाही, पण रोजची संख्या वाढते आहे की घटते आहे, हे त्यावरून नेमके कळते.

मिरची आणि टोमॅटोवर पांढरी माशी विषाणू पसरवते. पाने वाटीसारखी वळली, लहान आणि पिवळट झाली, झाड खुरटले, म्हणजे बोकड्या रोग असण्याची शक्यता दाट. मात्र फुलकिडे आणि कोळी यांच्यामुळेही मिरचीची पाने वळतात, म्हणून आधी भिंगाने पानाची पाठ बघावी. विषाणूच असेल तर कोणताही फवारा त्या झाडाला बरे करत नाही. ते पिशवीत बांधून काढून टाकावे, नाहीतर शेजारच्या झाडांना तिथूनच लागण होत राहते.

जी पाने खायची आहेत

पुदिना, कोथिंबीर, मेथी, कढीपत्ता, तुळस यांच्या बाबतीत हिशेब वेगळा करावा लागतो. माव्यासाठी पहिला उपाय पाण्याची धार. खाली पडलेला मावा बहुधा परत चढत नाही, त्याची सोंड पानात रुतलेली असताना तो ओढला गेला तर ती मोडते. पुदिन्याच्या कुंडीवर तीन-चार दिवस सलग सकाळी पानांच्या पाठीवर धार मारली, तर बऱ्याचदा साबणाची गरजच पडत नाही. पडलीच तर साबणाचे प्रमाण निम्म्यावर आणावे आणि तोडणीआधी पाने दोनदा धुवावीत.

कडुनिंबाचे तेल मात्र खायच्या पानांवर जपून वापरावे. त्याचा कडवटपणा आणि वास पानांवर राहतो. कढीपत्त्यासारख्या बहुवर्षायू झाडावर मारले तर किमान आठवडाभर पाने तोडू नयेत आणि वाहत्या पाण्यात चोळून धुवावीत. कडुनिंबाचे तेल पोटात गेल्यास लहान मुलांना गंभीर विषबाधा होऊ शकते. बाटली खाद्यतेलाच्या रांगेत ठेवू नये, मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी झाकण घट्ट लावून ठेवावी. बाल्कनीत माशांचे टाके असेल तर फवारताना ते झाकावे, साबण आणि कडुनिंब दोन्ही माशांना अपायकारक आहेत.

कोथिंबीर आणि मेथी यांचा संपूर्ण काळ सव्वा-दीड महिन्याचा. तिच्यावर मावा दाटला आणि पाने चिकट झाली, तर साबण-कडुनिंबाच्या पंधरवड्यात ती फुलोऱ्यावर येईल. अशा वेळी ती मुळासकट उपटून साबणाच्या पाण्यात बुडवावी, माती दोन दिवस उन्हात पसरावी आणि कुंडी धुऊन नवे धणे पेरावेत. जास्वंद, मोगरा, कढीपत्ता यांच्यासाठी मात्र पंधरवड्याची मेहनत जरूर घ्यावी, कारण ती झाडे पुढे कित्येक वर्षे राहणार असतात. आणि रोपवाटिकेतून आणलेले प्रत्येक नवे रोप दोन आठवडे इतरांपासून वेगळे ठेवावे. बाल्कनीत ही कीड बहुतेक वेळा नव्या रोपाच्या बेचक्यात बसूनच येते, आणि दोन आठवड्यांत ती डोळ्यांना दिसेल इतकी वाढते. तेवढ्या काळात तिला एका कुंडीत गाठता आले, तर उरलेल्या कुंड्यांवर फवारा उचलावाच लागत नाही.